हायजिनच्या पेपरात सगळे पास आणि किचनमध्ये सगळे नापास: मॅन्युअलमधून प्रश्न कसे काढायचे

प्रश्न: "नाशिकला हायवेवरच्या एका हॉटेलात ट्रेनिंग बघतो. या बॅचला १८ ट्रेनी आहेत, बहुतेक मराठी मीडियमचे. किचन ट्रेनिंग मॅन्युअल इंग्रजीत आहे, ६० पानांचं. एचआरने सांगितलं यातून हायजिन आणि फूड हँडलिंगची लेखी टेस्ट बनवा. मी मॅन्युअलमधली वाक्यं उचलून गाळलेल्या जागा आणि चूक-बरोबर असा पेपर काढला. सगळ्यांना ९० च्या वर मार्क पडले. पण रात्री किचनमध्ये तीच पोरं गरम ग्रेव्हीचा टोप झाकून तसाच ठेवतात. पेपर कसा काढू म्हणजे खरं काय ते कळेल?"

उत्तर:

सर, तुमच्या ट्रेनींनी काही चुकीचं केलेलं नाही. तुम्ही विचारलं की पानावर कोणता आकडा होता, त्यांनी तो सांगितला. मॅन्युअलचं वाक्य जसंच्या तसं पेपरात आलं की वाक्य पाठ आहे का एवढंच तपासलं जातं, आणि आपल्याकडची पोरं दहावीपर्यंत तेच करत आलेली असतात त्यामुळे त्यात ती एकदम पक्की. रात्री अकरा वाजता बॅन्क्वेट संपल्यावर समोर वीस लिटर ग्रेव्ही, सीनियर घरी जायच्या घाईत, अशा वेळी हा मुलगा काय करेल हे तुम्हाला हवंय. म्हणजे पेपर वाक्यांवरून काढायचा नाही, मुलाला जिथे स्वतः काहीतरी ठरवावं लागतं त्या वेळांवरून काढायचा.

आधी दोन-तीन गोष्टी ज्या तुमच्या ठिकाणावर अवलंबून आहेत. एक, या टेस्टच्या निकालाचं तुम्ही काय करणार. पास झाला की स्टेशनवर एकटा सोडणार असाल तर पेपर कडक हवा, नुसतं फाईलला लावायला असेल तर तुमची एवढी मेहनत कशाला. दोन, कॉमी आणि स्टुअर्डिंगची पोरं एकाच पेपराला बसवू नका. अर्धे प्रश्न सामाईक ठेवा (हात धुणं, आजारी असताना काय, कच्चं-शिजलेलं वेगळं ठेवणं) आणि बाकीचे कामाप्रमाणे बदला, कारण भांडी धुणाऱ्याला रीहीटिंगचं तापमान विचारून काही उपयोग नाही आणि कॉमीला डिशवॉशरच्या रिन्सचं. तीन, ही टेस्ट म्हणजे एफएसएसएआयच्या फॉस्टॅक सर्टिफिकेटची जागा नव्हे. दर २५ फूड हँडलरमागे एक ट्रेन केलेला सुपरवायझर लागतो ती वेगळी गोष्ट, ते एचआरला आत्ताच स्पष्ट सांगून टाका, नाहीतर उद्या इन्स्पेक्शनला तुमचा पेपर पुढे करतील.

आता मुद्द्यावर. सगळ्या ६० पानांवर मी बोलत बसत नाही, तुम्ही ज्याचं उदाहरण दिलंय तेच एक पान घेऊ, शिजवलेलं अन्न थंड करण्याचं. ते नीट जमलं की बाकीची पानं तुम्ही स्वतः कराल.

बहुतेक मॅन्युअलमध्ये ओळ अशी असते: शिजवलेलं अन्न ६० डिग्रीवरून २१ डिग्रीपर्यंत २ तासांत आणि २१ वरून ५ डिग्रीपर्यंत पुढच्या ४ तासांत आणावं. तुमच्यात आकडे थोडे वेगळे असतील तर तुमचेच धरा, पेपर आणि मॅन्युअल यांच्यात फरक असता कामा नये. तुमचा जुना प्रश्न बहुधा असा असेल, "शिजवलेलं अन्न ६० वरून २१ डिग्रीला ____ तासांत आणावं." उत्तर २. झालं. आता हेच किचनमध्ये नेऊन बघा. हा मुलगा घड्याळ कधी लावतो? गॅस बंद केल्यावर, की प्रोबवर ६० दिसल्यावर? प्रोब कुठे घालतो, वर साईवर की टोपाच्या मधोमध? आणि दोन तासांत होत नाहीये हे त्याला दोन तास संपल्यावर कळतं की आधी? गाळलेल्या जागेत यातलं काहीच येत नाही.

म्हणून प्रश्न लिहायच्या आधी मी एक काम करतो, तुम्हीही करा. दोन-तीन रात्री क्लोजिंगच्या वेळी किचनमध्ये उभं राहायचं आणि कोणालाही न टोकता फक्त लिहून घ्यायचं की पोरं नक्की काय करतात. मी जे नेहमी बघतो ते सांगतो. काही जण टोपावर झाकण ठेवून तो तसाच टेबलावर सोडतात आणि सकाळी आत टाकतात, त्यांचं म्हणणं गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवायची नसते, हे घरी आईने शिकवलेलं असतं. काही जण उलट, पूर्ण गरम टोप वॉक-इनमध्ये ढकलतात आणि समजतात की आत गेलं म्हणजे सेफ झालं. काही जण पंख्याखाली उघडा ठेवतात. आणि जे मॅन्युअल वाचून आलेत ते दर तासाला तापमान व्यवस्थित लॉगमध्ये लिहितात पण आकडा बघून करत काहीच नाहीत, म्हणजे ५२ लिहितात आणि पेन खिशात ठेवून पुढच्या कामाला जातात.

हे चार प्रकार म्हणजे तुमचे चुकीचे पर्याय. आपल्या मनाने पर्याय बनवले की ते इतके खोटे दिसतात की न वाचलेला पण ओळखतो, "अन्न उन्हात ठेवावं" असले. समोर घडलेली चूक पर्याय म्हणून ठेवली की ज्याला तीच सवय आहे तो ती बरोबर म्हणून निवडतो, आणि तेच तर आपल्याला बघायचंय.

मग प्रश्न असा होतो:

"रात्री ११ वाजता २० लिटर माखनी ग्रेव्हीच्या टोपात मधोमध प्रोब घातला तेव्हा ६० डिग्री होती. १२ वाजता त्याच जागी ५२ डिग्री आहे. ग्रेव्ही उद्या दुपारच्या पार्टीसाठी लागणार आहे. तुम्ही आत्ता काय कराल?
अ) लॉगमध्ये ५२ लिहीन, अजून एक तास आहे म्हणून १ वाजता परत बघीन.
ब) टोपावर घट्ट झाकण लावून टोप वॉक-इनमध्ये ठेवीन.
क) ग्रेव्ही स्वच्छ, पसरट ट्रेमध्ये साधारण दोन इंच जाडीने ओतून ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवीन, हलवत राहीन आणि थोड्या वेळाने परत प्रोब लावीन.
ड) ग्रेव्ही फेकून देईन."

बरोबर उत्तर क. हा प्रश्न सोडवायला त्याला २ तासांचा आकडा माहीत असावाच लागतो, पण नुसत्या आकड्याने काम होत नाही. त्याला हिशोब करावा लागतो की ११ ला ६० म्हणजे १ वाजेपर्यंत २१ पाहिजे, पहिल्या तासात फक्त ८ डिग्री उतरलेत आणि अजून ३१ उतरायचेत, म्हणजे आहे तसं ठेवून हे होणारच नाही. हा हिशोब पेपरात ज्याने केला तो रात्री बारा वाजता पण करू शकतो निदान.

पर्याय ब का चूक आहे हे उत्तरपत्रिकेच्या मागे लिहून ठेवा, कारण वाद यावरच होतो. वॉक-इनची हवा थंड असते पण वीस लिटरच्या टोपाच्या पोटातली उष्णता बाहेर यायला रस्ताच नसतो, घट्ट ग्रेव्ही स्वतःच स्वतःला उबदार ठेवते. कडेला हात लावला तर गार लागतं आणि मध्ये पहाटेपर्यंत कोमट. वरून तो टोप आतल्या बाकीच्या मालाचं तापमान वाढवतो आणि झाकणाच्या आत पाणी धरतं ते वेगळंच. आणि त्या कोमट मधल्या भागात काय होतं, तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचे जंतू. त्यांचे बीजाणू उकळीत मरत नाहीत, उकळल्यामुळे ग्रेव्हीतली हवा निघून जाते तेही त्यांच्या सोयीचंच, आणि ४३ ते ४५ डिग्रीच्या आसपास ते सगळ्यात जोरात वाढतात, अगदी दहाएक मिनिटांत दुप्पट. २ तासांची अट याच पट्ट्यातून अन्न लवकर बाहेर काढायला आहे. त्यापुढच्या ४ तासांत २१ वरून ५ वर येताना वाढ बरीच मंद असते म्हणून तिथे सवलत जास्त. हे कारण ट्रेनिंगमध्ये एकदा नीट सांगितलं की पोरं आकडे विसरली तरी पहिला टप्पा घाईचा आहे हे विसरत नाहीत.

आता पर्याय ड बघा, "फेकून देईन". हा पण चूकच, कारण अजून एक तास हातात आहे. पण अ किंवा ब लिहिणाऱ्या मुलाइतका तो मुलगा धोकादायक नाही. त्याने पैसे घालवले, पाहुण्याला आजारी नाही पाडलं. पेपर काढताना मी प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे माझ्या प्रतीत खूण करतो, हा "वाया जाईल" प्रकारचा आहे की "कोणीतरी आजारी पडेल" प्रकारचा. मार्क दोन्हीला शून्यच द्यायचे. पण पेपर तपासल्यावर एकूण मार्कांच्या आधी हे बघायचं की आजारी पाडणारे पर्याय कोणी किती निवडलेत. २५ पैकी २१ मिळवणारा, पण चारही चुका आजारी पाडणाऱ्या, असा मुलगा मला १८ वाल्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. याला कोणतं सॉफ्टवेअर लागत नाही, लाल पेन पुरतो.

याच प्रश्नाला जोडून एक उपप्रश्न येतो: १ वाजला आणि अजून २६ डिग्रीच आहे, मग काय? इथे थांबा आणि मॅन्युअल उघडा. काही ठिकाणी नियम आहे की लगेच ७४-७५ डिग्रीपर्यंत परत गरम करून एकदाच नव्याने थंड करायची संधी द्यायची, काही ठिकाणी सरळ फेकायचं. तुमच्या मॅन्युअलमध्ये यावर ओळच नसेल, असं बऱ्याचदा असतं, तर हा प्रश्न पेपरात घेऊ नका. आधी एग्झिक्युटिव्ह शेफकडून लेखी ठरवून घ्या, मॅन्युअलमध्ये घाला, ट्रेनिंगमध्ये शिकवा आणि मग पुढच्या बॅचला विचारा. जे किचनने स्वतःच ठरवलेलं नाही ते पोरांना विचारणं बरोबर नाही.

दुसरा एक विषय मी प्रत्येक पेपरात घेतोच, कारण यात पोरांची चूक विसरण्यामुळे होत नाही, त्यांची तशी पक्की समजूतच असते. "उकळलं की सगळं मरतं." ही समजूत घरातून येते, आणि पाण्याच्या बाबतीत तिने आपलं भलंच केलंय, म्हणून ती सहज सुटत नाही. तिच्यावर प्रश्न असा:

"एका कॉमीच्या बोटाला पिकलेली जखम आहे. दुपारी ४ वाजता त्याने ग्लोव्ह न घालता वड्यासाठी उकडलेले बटाटे कुस्करले. भाजी रात्री ९ वाजेपर्यंत टेबलावर होती. आता वडे तळायचे आहेत. कोणतं म्हणणं बरोबर?
अ) कडकडीत तेलात तळल्यावर जंतू मरतात, वडे देता येतील.
ब) भाजी आधी परत वाफवून घेतली तर वडे देता येतील.
क) वास आणि चव चांगली असेल तरच वडे द्यावेत.
ड) तळून किंवा वाफवून ही भाजी सुरक्षित होणार नाही, टाकून द्यावी."

उत्तर ड. पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू असतात (निरोगी माणसाच्या नाकातही असतात, म्हणून नाकाला हात लावला की हात धुवायचे). बटाट्याच्या कोमट ओलसर भाजीत पाच तास मिळाले की ते वाढतात आणि विष तयार करतात. तळणात जंतू मरतील पण ते विष उष्णतेने सहजासहजी नष्ट होत नाही, उकळूनही टिकतं. वासाला, चवीला काही कळत नाही, आणि खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. यात अ आणि ब निवडणारी पोरं नेहमी बरीच निघतात, हुशार पोरं सुद्धा, कारण त्यांना वाटतं की रीहीटिंगचा नियम इथे लागू पडतो. म्हणून या प्रश्नावर नुसता चूक असा शिक्का मारून पेपर परत देऊ नका, त्या मुलाला पाच मिनिटं बसवून कारण सांगा. आणि पुढचं पण विचारा की जखम असलेल्या त्या कॉमीने ४ वाजता काय करायला हवं होतं. आधी सूस शेफला सांगणं. जखम पिकलेली असेल तर ती बरी होईपर्यंत अन्न हाताळायचं काम सोडणं. साधं चिरलं असेल तर निळी वॉटरप्रूफ पट्टी आणि वर ग्लोव्ह, निळी यासाठी की अन्नात पडली तर दिसते.

आता तुमच्या मॅन्युअलबद्दल. ते बहुधा हेड ऑफिसने कुठेतरी दुसरीकडे बसून लिहिलंय. पेपर काढायच्या आधी ते तुमच्या किचनमध्ये फिरून एकदा ताडून बघा. चॉपिंग बोर्डचे रंग आधी बघा, पोल्ट्रीला कुठे पिवळा असतो कुठे लालच, आणि बऱ्याच ठिकाणी मॅन्युअलमध्ये सहा रंग आणि टेबलावर चार बोर्ड. रोज जे समोर दिसतं तेच मुलगा लिहिणार आणि तुम्ही त्याला चूक देणार, हा अन्याय आहे.

प्रोबचं कॅलिब्रेशन हे नाशिकमधलं खास उदाहरण. मॅन्युअलमध्ये असतं की उकळत्या पाण्यात प्रोब १०० डिग्री दाखवला पाहिजे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ५८०-६०० मीटर उंचीवर आहे आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उकळबिंदू सुमारे एक डिग्रीने उतरतो, म्हणजे आपल्याकडे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. ज्या मुलाने हे प्रत्यक्ष करून बघितलंय तो पेपरात ९८ लिहील आणि उत्तरपत्रिकेत १०० असेल तर त्याचा मार्क जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे मॅन्युअल मानणारा मुलगा चांगला प्रोब दोन डिग्रीने "दुरुस्त" करून बिघडवून ठेवेल. आपल्याकडे बर्फाची पद्धत शिकवा आणि तीच विचारा. ग्लासभर बारीक फोडलेला बर्फ, त्यात बर्फ भिजेल एवढंच पाणी, ढवळून मधोमध प्रोब, तळाला आणि काचेला न टेकवता, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. शून्य आलं पाहिजे, अर्धा-एक डिग्री इकडेतिकडे चालतं.

भाषेचं सांगतो. पेपर मराठीत काढा, पण प्रोब, वॉक-इन, ग्रेव्ही, ट्रे, सॅनिटायझर हे शब्द पोरं जसे बोलतात तसेच ठेवा. पेठ-सुरगाण्याकडून आलेला मुलगा कामात चोख असतो आणि चार ओळींचं इंग्रजी वाक्य वाचताना अडखळतो, मग तुमच्या निकालात त्याचं इंग्रजी मोजलं जातं, हायजिन नाही. "खालीलपैकी कोणतं करू नये हे अयोग्य आहे" असली नकारावर नकार असलेली वाक्यं टाळा. "वरीलपैकी सर्व" हा पर्याय ठेवूच नका, दोन बरोबर दिसले की मुलगा डोळे झाकून तोच मारतो. आणि बरोबर पर्याय सगळ्यात लांब होतो का बघा, कारण आपण तो नीट पूर्ण लिहायला जातो आणि बाकीचे घाईत उरकतो. वरच्या ग्रेव्हीच्या प्रश्नात पण क लांबच आहे बघा, तुमच्या पेपरात अ आणि ब जरा वाढवून घ्या.

प्रश्न किती? कॉमींसाठी २५ पुष्कळ झाले, ४५ मिनिटं. परिस्थितीवरचे प्रश्न वाचायला वेळ लागतो, ५० ठेवलेत तर शेवटचे वीस अंदाजपंचे सोडवतील. पासिंग मी दोन भागांत ठेवतो. पाच-सहा प्रश्न असे की ते सगळे बरोबर आलेच पाहिजेत: आजारी असताना कामावर येणं, जखम, कच्च्या चिकननंतर बोर्ड आणि सुरी, थंड करणं, परत गरम करणं, आणि ॲलर्जी असलेल्या पाहुण्याची ऑर्डर. बाकीच्यांत ७५-८० टक्के चालतील. त्या पाच-सहातला एक चुकला तर पूर्ण पेपर परत घेऊ नका, त्या पानाचं ट्रेनिंग पुन्हा आणि दोन दिवसांनी त्याच मुद्द्यावर वेगळा प्रश्न. ग्रेव्हीऐवजी भात द्या, आकडे बदला. तोच प्रश्न परत दिला तर तो "क" पाठ करून येईल.

जे लेखी होतच नाही ते लेखीत घुसवू नका. हात धुण्याच्या पायऱ्या क्रमाने लावा हा प्रश्न जवळजवळ सगळ्या पेपरांत असतो आणि त्यात जवळजवळ सगळे पास होतात. हात धुणं सिंकजवळ उभं राहून बघायचं, तेही त्याला न सांगता, कच्चं चिकन हाताळल्यावर आणि फोनला हात लावल्यावर. पेपरात फक्त "कधी" विचारा, "कसं" प्रत्यक्ष बघा. दोन्हींची नोंद एकाच कागदावर ठेवा म्हणजे पेपरात २४ आणि सिंकवर शून्य असलेला मुलगा लगेच दिसतो.

आणि पेपर झाल्यावर प्रश्नांचीही तपासणी करा, मुलांची होते तशीच. १८ जण म्हणजे वरचे सहा आणि खालचे सहा वेगळे काढा आणि प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांना आला ते मांडा. वरच्यांना आला, खालच्यांना नाही, तर प्रश्न काम करतोय. सगळ्यांना आला तर तो सोपा आहे, मूलभूत असेल तर राहू द्या नाहीतर काढा. वरच्यांनाच जास्त चुकला तर मुलांकडे नंतर बघा, आधी प्रश्न आणि उत्तरपत्रिका बघा. एका ठिकाणचा पेपर माझ्याकडे असाच आला होता. प्रश्न होता भाज्या धुवायला ५० पीपीएमचं क्लोरीनचं पाणी करायचंय, एक लिटरला किती मिली सोडियम हायपोक्लोराइट. उत्तरपत्रिकेत १ मिली, मॅन्युअलमधून उचललेलं. वरच्या गटातल्या बऱ्याच जणांनी अर्धा मिली लिहिलेलं. १ मिली हे ५ टक्क्यांच्या बाटलीला बरोबर आहे, कारण ५ टक्के म्हणजे ५०,००० पीपीएम आणि ते हजार पट पातळ केलं की ५०. पण तिथे स्टोअरमधून १० टक्क्यांचा कॅन येत होता, आणि ज्या पोरांनी लेबल वाचलं होतं त्यांनी बरोबर निम्मं केलं. प्रश्नात टक्केवारीच दिली नव्हती. १८ जणांवर हे आकडे काही पक्के नसतात, एखाद-दोन मुलांनी चित्र बदलतं, त्यामुळे यावरून फक्त शंका घ्यायची आणि मग त्या दोन-चार मुलांना जाऊन विचारायचं की तू हे का लिहिलंस. दहातल्या निम्म्या वेळा उत्तर ऐकून प्रश्नच बदलावा लागतो.

तुम्ही आत्ता पूर्ण २५ प्रश्नांच्या मागे लागू नका. या आठवड्यात क्लोजिंगला उभं राहून फक्त थंड करण्याच्या पानाचे चार प्रश्न काढा, एग्झिक्युटिव्ह शेफकडून उत्तरपत्रिकेवर सही घ्या आणि याच १८ जणांना द्या. अ आणि ब किती जणांनी लिहिलं ते इथे टाका, मॅन्युअलचं ते पान पण जमलं तर टाका, हॉटेलचं नाव झाकून. पुढचं पान कोणतं घ्यायचं ते त्यावरून सांगतो.